उचल मागितली की स्वतःचाच पगार? गिरणी कामगाराचा एक अर्ज कसा वाचायचा

आधी हा अर्ज वाचा. तो अस्सल नाही, सरावासाठी मी रचलेला आहे. भाषा त्या काळातल्या अर्जांच्या वळणाची ठेवली आहे आणि तारीख मुद्दाम निवडली आहे.

«मु. डिलाईल रोड, मुंबई, ता. ५ एप्रिल १९३८. मेहेरबान मॅनेजर साहेब यांसी, अर्जदार रिंग खात्यातील कामगार याचा विनंती अर्ज ऐसा की, अर्जदाराचा मुलगा तापाने अत्यवस्थ असून त्यास परळ येथील इस्पितळात दाखल केले आहे. औषधपाण्यास जवळ पैसा नाही. तरी कृपावंत होऊन रुपये वीस उचल देववावी व ती पुढील पगारातून कापून घ्यावी. उपकार होतील. कळावे, अर्जदार, निशाणी अंगठा.»

आता एक प्रश्न. या अर्जदाराने नेमकं काय मागितलं? बहुतेक विद्यार्थी चटकन म्हणतात, ‘कर्ज’. नाहीतर ‘मदत’. अर्जाची भाषाही तेच सुचवते: कृपावंत होऊन, उपकार होतील. पण भाषेवर जाऊ नका. अर्जावरची तारीख बघा आणि पेन घेऊन हिशोब मांडा.

हिशोबापुरतं धरू की हा माणूस रोजंदारीवर आहे आणि त्याला दिवसाला दीड रुपया पडतो. मार्च १९३८ मध्ये चार रविवार होते, म्हणजे कामाचे दिवस सत्तावीस. एक सुट्टी किंवा खाडा वजा केला तर सव्वीस. सव्वीस दिवसांचे झाले ३९ रुपये. हे पैसे त्याने ३१ मार्चला संध्याकाळी पाळी सुटली तेव्हाच कमावलेले आहेत, पण हातात पडलेले नाहीत. एप्रिलमध्ये १, २ आणि ४ तारखेला काम झालं (३ तारखेला रविवार), त्याचे साडेचार रुपये. म्हणजे ५ तारखेला सकाळी अर्जावर अंगठा उठवताना गिरणीच त्याचं ४३ रुपये ८ आणे देणं लागत होती. त्याने मागितले वीस.

थोडक्यात, या दिवशी ऋणको गिरणी आहे आणि धनको कामगार. तरीही अर्ज धनको करतोय, आणि उपकार मानतोय तोही धनकोच. मला हा विषय अभ्यासाचा वाटला तो या उलट्या चित्रामुळे.

हे असं का होत होतं ते समजायला पगाराची पद्धत बघावी लागते. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तो पुढच्या महिन्यात, साधारण १० ते १५ तारखेच्या दरम्यान वाटला जाई. अहमदाबादला पंधरवड्याच्या आसपासचा ‘हप्ता’ होता, मुंबईत महिना. म्हणजे १ तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसायला सहा आठवडे लागत, आणि नंतरही पगाराच्या आदल्या दिवशी त्याची सहा-एक आठवड्यांची कमाई गिरणीकडे अडकलेली असे. मालकांचं म्हणणं, इतक्या माणसांचा हिशोब करायला वेळ लागतो. ते अगदीच खोटं नाही. पण अडकवून ठेवलेल्या पगाराचा आणखी एक उपयोग होता: माणूस नोटीस न देता निघून गेला तर तो पगार बुडवता येई. शिवाय विणकराच्या हातून कापड खराब झालं तर तेच कापड त्याच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापायची प्रथा होती. कापायला हाताशी पगार शिल्लक हवा ना!

आता या मधल्या दिवसांत घरात कोणी आजारी पडलं तर? करी रोड स्टेशनवरून पश्चिमेला बाहेर पडलात की ज्या रस्त्याला लागता तो जुना डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. तिथल्या बी.डी.डी. चाळींत आणि आजूबाजूच्या गाळ्यांत राहणाऱ्यांपुढे रोख पैशाच्या वाटा मोजक्याच होत्या: गाववाले, किराणा दुकानदार, मारवाडी, पठाण आणि गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४७ टक्के कुटुंबं कर्जात आढळली. कर्जाचा आकडा साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतका होता. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा.

एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे वर्षाला बारा आणे व्याज, शेकडा ७५. आपल्या अर्जदाराने वीस रुपये गिरणीऐवजी सावकाराकडून एका महिन्यासाठी उचलले असते तर व्याज वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. त्याच्या रोजच्या कमाईशी ताडून बघा: जवळजवळ एक पूर्ण दिवस. आपलेच वीस रुपये गिरणीत पडून असताना ते मिळेपर्यंत दुसऱ्याचे वीस वापरायचे, त्याचं हे भाडं. ‘कामगार उधळे होते म्हणून कर्जबाजारी झाले’ असं सरकारी कागदांत पुष्कळदा भेटतं. लग्न आणि बारसं यांचा खर्च खराच, पण हे वाक्य भेटलं की पगाराची तारीखही तपासा. कर्जाचा काही भाग खर्चातून जन्मतो, काही नुसता उशिरातून.

इथे एक अडचण आहे आणि ती संशोधकाची आहे. असे अर्ज अर्काइव्हमध्ये ढिगाने मिळतील अशी आशा धरून जाऊ नका. माझं मत असं की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बहुतेक मागण्या कागदावर उतरल्याच नाहीत, कारण कागद ज्याच्याकडे द्यायचा तो माणूसच मध्ये नव्हता. कामगाराला कामावर घेणारा, रजा देणारा, बदलीवाल्याला उभा करणारा आणि वेळेला पैसे देणारा किंवा सावकाराकडे जामीन राहणारा, सगळं एकच: जॉबर. बायकांच्या खात्यात नाईकीण. मूल आजारी पडलं की माणूस मॅनेजरकडे नव्हे, त्याच्याकडे जाई. ‘दादा, पोरगं सिरियस आहे, दोन दिवस सोडा आणि दहा रुपये द्या.’ याची नोंद कुठे राहणार? ती राहते उलट्या बाजूने: जॉबरच्या दस्तुरीबद्दलच्या तक्रारींत, आयोगांपुढच्या साक्षींत, बडतर्फीच्या वादांत. म्हणजे अर्ज सापडत नाही याचा अर्थ मागणी नव्हती असा नाही. मागणीला दुसरं दार होतं.

हे दार हळूहळू बदलायला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली, १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला आणि गिरण्यांनीही आपापले लेबर ऑफिसर नेमायला सुरुवात केली. जॉबरला वळसा घालून जायला एक टेबल तयार झालं. दुसरी गोष्ट वेतन प्रदान कायदा, १९३६. तो २८ मार्च १९३७ पासून लागू झाला. आता आपल्या अर्जावर १९३८ का घातलंय ते लक्षात आलं असेल.

या कायद्यामागे व्हिटली आयोग आहे. १९२९ साली नेमलेला, १९३१ मध्ये अहवाल दिलेला. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण मघाशी उभे होतो ते नारायण मल्हार जोशी या आयोगाचे सदस्य होते. पगाराची मुदत महिन्यापेक्षा आखूड असावी याकडे आयोगाचा कल होता. कायद्याने ते घेतलं नाही. मुदत एक महिन्यापर्यंत चालेल असं ठेवलं. पण वाटपाची तारीख मात्र बांधली: हजारापेक्षा कमी माणसं असतील तर मुदत संपल्यापासून सातवा दिवस उलटायच्या आत, हजार किंवा जास्त असतील तर दहावा दिवस उलटायच्या आत. करी रोड-लालबागच्या मोठ्या गिरण्या दुसऱ्या गटातल्या. म्हणजे १५ तारखेचे झाले १०. आपल्या अर्जदाराला सावकाराकडे काढावे लागणारे दिवस दहावरून पाचावर आले. कायद्याचा फायदा असा मोजता येतो.

आता कलम १२ नीट वाचा, कारण सगळी गंमत त्यात आहे. ते उचलीच्या वसुलीबद्दल आहे. त्यात नोकरीआधी दिलेली उचल वेगळी धरली आहे, आणि नोकरीत असताना दिलेल्या उचलीबद्दल बोलताना शब्द वापरलेत ते ‘अद्याप न कमावलेल्या’ वेतनाची उचल असे. अशी उचल किती द्यायची आणि किती हप्त्यांत कापायची ते प्रांतिक सरकारच्या नियमांवर सोडलं. ‘न कमावलेल्या’ या एका विशेषणाने कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या अर्जाच्या भाषेत एकत्र मिसळलेल्या असतात. ५ एप्रिलच्या अर्जातले वीस रुपये या कलमात बसतच नाहीत. ते कमावलेले आहेत. फक्त पगार पाच दिवस आधी द्यायचा आहे. त्याला हप्ते कसले आणि वसुली कसली?

तोच माणूस २० एप्रिलला आला असता तर चित्र पालटतं. मार्चचा पगार घेऊन झालाय. १ ते १९ तारखेपर्यंत रविवार वगळता कामाचे दिवस सोळा, कमाई २४ रुपये. समजा मुलाचं दुखणं लांबलं आणि तो चाळीस मागतोय. त्यातले चोवीस त्याचे स्वतःचे, सोळा खरी उचल. म्हणजे एकाच अर्जात, एकाच आकड्यात दोन वेगळे व्यवहार. नियम लागू होतात ते फक्त सोळा रुपयांना. गिरणीच्या वहीत मात्र ‘उचल रु. ४०’ अशी एकच ओळ पडली तर पुढे वाचणाऱ्याला वाटणार की मालकाने एका महिन्याच्या पगाराहून जास्त कर्ज दिलं, केवढा उदार!

आणि नंतर? आजारपणात माणूस नुसता पैसे मागत नाही, घरीही थांबतो. गिरणीत न आलेल्या दिवसाचा पगार नाही. त्याच्या जागेवर बदली उभा राहतो. समजा २० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या उरलेल्या दहा कामाच्या दिवसांपैकी त्याचे आठ दिवस इस्पितळात गेले. मग एप्रिलची एकूण कमाई अठरा दिवसांची, २७ रुपये. त्यातले २४ त्याने आधीच घेतलेले. उरले तीन. आणि सोळा रुपये उचल फेडायचीय. एकदम कापायला गेलं तर कापायला काही नाहीच. हप्ते लागतात ते इथे. मे महिन्यात तो माणूस पुन्हा त्याच सावकाराच्या दारात उभा असेल. आजारपणाने केलेलं नुकसान अर्जातल्या आकड्यात दिसत नाही, पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या हजेरीत दिसतं. म्हणून अर्ज सापडला तर त्याच माणसाची हजेरी आणि पगारपत्रकाची पुढची पानं उघडल्याशिवाय काही लिहू नका.

या हिशोबाला एक मोठी मर्यादा आहे. मी मुद्दाम रोजंदारीवरचा माणूस घेतला. साचेखात्यातला विणकर उक्त्या कामावर असे: जेवढं कापड, तेवढे पैसे. त्याने ५ तारखेला अर्ज केला तर मार्चची कमाई किती हे कापड मोजून, दर लावून, दंड वजा करूनच ठरणार. टाइमकीपर ‘अजून हिशोब झालेला नाही’ म्हणाला तर तो खरं बोलत असण्याची शक्यता आहे. तेव्हा विणकराचा अर्ज नाकारला गेला की लगेच ‘पिळवणूक’ असा शेरा मारण्याआधी खातं बघा. रिंग खात्यातल्या माणसाला तेच उत्तर मिळालं असेल तर मात्र संशय घ्यायला जागा आहे, कारण हजेरी मोजायला कापड मोजावं लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर अर्जांचा मजकूर बदलतो. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. योजना प्रत्यक्षात १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, मुंबईत १९५४ मध्ये आली. कामगार स्वतः आजारी पडला तर उपचार आणि आजारपणाचा भत्ता मिळण्याची सोय झाली. पण सुरुवातीला उपचार फक्त विमा उतरवलेल्या कामगाराला होते, बायकामुलांना नव्हते; कुटुंबाला वैद्यकीय सेवा देणं नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झालं. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या अर्जात ‘मी आजारी’ कमी आणि ‘घरात आजारी’ जास्त दिसलं तर आश्चर्य मानू नका. तो कुटुंबप्रेमाचा पुरावा नाही. विम्याची मर्यादा आहे.

१९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतही एक खिडकी होती, परिच्छेद ६८-जे. महिनाभर इस्पितळात राहावं लागणं, मोठी शस्त्रक्रिया, किंवा क्षय, कुष्ठरोग, पक्षाघात, कर्करोग यांसारखे आजार. कामगाराचे किंवा घरच्यांचे. त्यासाठी स्वतःच्या खात्यातून सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत रक्कम काढता येई आणि ती परत फेडायची नसे. हा कागद मालकाला ‘उपकार होतील’ म्हणत नाही, निधीच्या कार्यालयाला रकाने भरून देतो. पण आजारांची यादी बघा. तीन दिवसांचा ताप, विषमज्वर, बाळंतपणातला रक्तस्राव या यादीत कुठे बसतात? यादीत न बसणारं, पण आज रात्रीच पैसे हवेत असं दुखणं फिरून मालकाच्याच टेबलावर येत होतं, नाहीतर गिरणीतल्या पतपेढीच्या. १९६४ च्या दुरुस्तीने वेतन कायद्यात कर्जासाठी १२-अ हे वेगळं कलम आलं, म्हणजे उचल आणि कर्ज यांची कायद्यातली फारकत तेव्हा पूर्ण झाली. त्यानंतरच्या कागदात ‘लोन’ लिहिलंय की ‘अ‍ॅडव्हान्स’, हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर सोडू नका. कोणत्या कलमाखाली कापलं ते पगारपत्रकात शोधा.

शोधायचं कुठे? १९२१ पासून निघालेल्या मुंबईच्या ‘लेबर गॅझेट’ मासिकापासून सुरू करा, कारण वेतन, कर्ज आणि तंट्यांच्या बातम्या तिथे एका जागी मिळतात. मग व्हिटली आयोगाचे मुंबई इलाख्याच्या साक्षींचे खंड. त्यात मालक संघ आणि कामगार संघटना यांनी पगाराच्या तारखेबद्दल दिलेली उत्तरं शेजारी ठेवून वाचा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार त्यानंतर. गिरण्यांचे स्वतःचे कागद १९८२ च्या संपानंतर, गिरण्या बंद पडत गेल्या तसे विखुरले. त्यामुळे एखाद्या चाळीत ट्रंकेत जपलेली पगाराची पावती मिळाली तर तिला कमी लेखू नका. नाव झाकून फोटो काढा आणि तीन गोष्टी आधी टिपा: पगाराचा महिना, वाटपाची तारीख, आणि ‘उचल’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स’च्या रकान्यातला आकडा. रकाना कोरा असेल तरी टिपा.

अर्ज मिळालाच तर मागची बाजू उलटून बघायला विसरू नका. साहेबाचा शेरा बहुधा तिथे किंवा समासात असतो. ‘मंजूर’ असेल तर पुढे रक्कम कापलेली आहे का, आणि ती मागितलेल्या रकमेपेक्षा किती कमी. तारीख असेल तर अर्जाची आणि शेऱ्याची यांत किती दिवस गेले ते मोजा. ५ तारखेच्या अर्जावर ९ तारखेचा ‘मंजूर’ असा शेरा असेल, तर त्या गिरणीने काहीच दिलेलं नाही. दहाला पगार होणारच होता.